बॅटरी बदलण्याआधी: तारखेचा कोड, टर्मिनलवरचे क्षार आणि सेल्फचा आवाज

सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या झटक्यात न फिरता कण्हत फिरलं, की बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो: बॅटरी गेली. बऱ्याचदा तो खराही निघतो. पण त्या आवाजातून कळतं ते एवढंच की स्टार्टर मोटरला पुरेशी वीज मिळाली नाही. वीज बॅटरीतच कमी होती की बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेत कुठे अडली, हे आवाज सांगत नाही. या वाटेतली सगळ्यात कच्ची जागा बॉनेट उघडताच समोर दिसते. बॅटरीवर वर आलेला शिशाचा गोल खुंट आणि त्याला आवळलेला केबलचा क्लॅम्प, या दोघांचा जिथे स्पर्श होतो ती जागा. तिथे क्षार धरले तर चांगली बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते.

म्हणून नवी बॅटरी आणण्याआधी तीन गोष्टी क्रमाने पाहायच्या. बॅटरीचं वय किती, टर्मिनलची अवस्था काय, आणि सेल्फ मारताना व्होल्ट नेमके कुठे गळतात. पहिल्या दोन गोष्टींना डोळे आणि ओलं फडकं पुरतं, तिसरीला साधा डिजिटल मल्टिमीटर लागतो. इथे सांगितलेलं सगळं १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर सेल्फ घेणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं गणित वेगळं असतं, आणि त्यांच्या नारिंगी केबलना तर हातच लावायचा नाही.

आधी आवाज ऐका

गाडी सुरू होत नाही या एका तक्रारीच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात. हेडलाइट लावून ठेवा, शक्य असेल तर कुणाला तरी गाडीसमोर उभं करा आणि सेल्फ मारा. मारताना लाइटचं काय होतं ते पाहायचं.

सेल्फ जड फिरतो आणि लाइट बरेच मंद होतात, हे कमजोर बॅटरीचं नेहमीचं चित्र. वीज आणखी कमी पडली की सेल्फ फिरतच नाही, नुसता टकटकटकट असा जलद आवाज येतो. स्टार्टरवरचा सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच, चिकटायला थोडी वीज पुरते, पण तो चिकटून मोटरने मोठा करंट ओढताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा चिकटतो. बॅटरी उतरली असेल तरी हा आवाज येतो आणि टर्मिनल सैल किंवा घाण असेल तरी येतो. निव्वळ या आवाजावर बॅटरी बदलू नये ती याचसाठी.

एकच मोठा ‘टक’ आला, लाइट होते तसेच प्रखर राहिले आणि पुढे काहीच झालं नाही, तर स्टार्टर, सोलेनॉइड किंवा त्यांची केबल तपासायची. आवाजच आला नाही आणि लाइट लख्ख आहेत, तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, किल्ली ओळखली जातेय का, स्टार्टरचा रिले चालतोय का, इकडे पाहायचं. आणि सेल्फ जोरात, मोकळा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरीचा बहुधा काही दोष नसतो. तिथे इंधन किंवा इग्निशनचा घोळ असतो, आणि अशा वेळी उगाच सेल्फ मारत राहिलं तर चांगली बॅटरीही उतरते.

बॅटरी पूर्ण बसण्याच्या कितीतरी आधी ती कुरकुरायला लागते. सेल्फ मारताना डॅशबोर्डचे आकडे क्षणभर विझतात, घड्याळ शून्यावर जातं, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन आता बंद होत नाही, किंवा दोन दिवस उभ्या गाडीचा पहिला स्टार्ट जड जातो आणि दिवसभर नंतर सगळं ठीक चालतं. हा शेवटचा फरक लक्षात ठेवावा. गार इंजिनाला पहिल्यांदा फिरवायला त्रास आणि मग ठीक, तर संशय बॅटरीवर. उलट सकाळी झकास, पण लांबच्या प्रवासानंतर गरम इंजिनावरच सेल्फ जड, तर आधी स्टार्टर आणि त्याच्या केबलकडे पाहावं.

तारीख शोधणं आणि वाचणं

बॅटरीवर छापलेला सगळ्यात मोठा मजकूर ब्रँडचा, त्याखालचा क्षमतेचा. जन्मतारीख कुठेतरी कोपऱ्यात असते. ओल्या फडक्याने झाकण आणि बाजू पुसून घ्या आणि चार जागा पाहा: वरचं स्टिकर, झाकणाची कड, बाजूच्या प्लॅस्टिकवर गरम ठशाने उमटवलेली अक्षरं, आणि शिशाच्या खुंटाचा माथा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ठशाची अक्षरं उठून दिसतात. स्टिकर आणि ठसा यांच्यात तफावत असली तर ठशावर भरवसा ठेवा. प्लॅस्टिकवरचा ठसा कारखान्यातला असतो, स्टिकर नंतर कधीही, माल बाहेर पाठवताना किंवा विकताना, लागलेलं असू शकतं. काही स्टिकरवर महिने आणि वर्षांच्या चौकटी छापलेल्या असतात आणि विकणारा त्यातल्या दोन खरवडतो किंवा टोचतो. ती तारीख विक्रीची, उत्पादनाची नव्हे.

सगळ्यात सोपा कोड एक अक्षर आणि एक अंक असा असतो. अक्षर महिन्याचं: A म्हणजे जानेवारी, B फेब्रुवारी, C मार्च, याच क्रमाने. अंक वर्षाचा शेवटचा. म्हणजे C4 ही मार्च २०२४ ची बॅटरी. ती २०१४ ची का नसेल? दहा वर्षांची बॅटरी अजून गाडीत काम करत असणं फार दुर्मीळ, म्हणून. ऑगस्टच्या H पर्यंत काही गोंधळ नाही. पुढे काही उत्पादक I हे अक्षर वगळतात, कारण ते १ सारखं दिसतं. मग J ऑक्टोबर न राहता सप्टेंबर होतो आणि डिसेंबरला L ऐवजी M येतो. एका महिन्याच्या फरकाने आपल्या निर्णयात काही बदलत नाही, त्यामुळे यावर डोकं शिणवू नका.

डोकं शिणवायचं ते चार अंकी कोडवर. समजा खुंटावर 2319 आहे. हा २०२३ चा १९ वा आठवडा, म्हणजे मे २०२३, असू शकतो. २३ वा आठवडा, २०१९, म्हणजे जून २०१९, हेही तितकंच शक्य आहे. मधे चार वर्षं, म्हणजे बॅटरीचं जवळजवळ एक आयुष्य. दोन्ही जोड्या १२ पेक्षा मोठ्या आहेत, त्यामुळे इथे महिना नाही, आठवडाच आहे, एवढं नक्की. (एखादी जोडी ५३ पेक्षा मोठी असती तर ती आठवडाही नसती.) पुढचा उलगडा बॅटरीवर होत नाही, कागदांवर होतो. गाडी २०१९ च्या अखेरीस घेतलेली आणि बॅटरी कंपनीतून आलेली मूळचीच असेल, तर ती गाडीपेक्षा थोडे महिने जुनी असणार. म्हणून जून २०१९. मधे २०२३ मध्ये बॅटरी बदलल्याचं बिल सापडलं, तर मे २०२३. बिल नाही आणि आधीच्या मालकालाही आठवत नाही अशी सेकंडहँड गाडी असेल, तर बॅटरी जुनी धरून पुढे जावं.

0724 सारखा कोड त्यामानाने निरुपद्रवी. तो सातवा महिना असो की सातवा आठवडा, वर्ष २०२४ च, आणि फरक पाचेक महिन्यांचा. काही युरोपीय बनावटीच्या बॅटऱ्यांवर मात्र लांबलचक कोड असतो आणि त्यात महिना लपवलेला असतो. डावीकडून चौथा अंक वर्षाचा, त्यापुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन तारखेचे. महिन्याचे अंक १ ते १२ नसतात. जानेवारी ते एप्रिलला 17, 18, 19, 20 आणि मे ते डिसेंबरला 53 पासून 60 पर्यंत. त्या जागी 57 दिसला तर सप्टेंबर समजायचं. कोणतीच पद्धत लागू पडली नाही तर कोडचा फोटो काढून त्या ब्रँडच्या विक्रेत्याला दाखवावा.

आता या वयाचं करायचं काय? लेड-ॲसिड बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं चालते. उष्ण हवेत आणि तापलेल्या इंजिनाशेजारी ती लवकर झिजते, कारण उष्णतेने आतल्या शिशाच्या जाळ्या जलद गंजतात आणि पाणी उडतं. थंडी बॅटरीला मारत नाही, आधीच झिजलेली उघडी पाडते. पण वय हा पुरावा नाही, वयाने फक्त संशयाची दिशा ठरते. दीड वर्षाची बॅटरी कण्हत असेल तर मी आधी टर्मिनल, चार्जिंग आणि उभ्या गाडीत होणारी गळती तपासायला सांगेन. नुसती बॅटरी बदलली तर नवीही वर्षभरात तशीच होण्याची भीती. साडेचार वर्षांची बॅटरी कण्हत असेल तरी टर्मिनल साफ करावेच, पण नव्या बॅटरीची तयारी मनात ठेवून.

टर्मिनलवर काय दिसतंय

बॅटरीतला ॲसिड वाफेच्या रूपाने किंवा खुंटाभोवतीच्या फटीतून थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि आजूबाजूच्या धातूंशी त्याची रासायनिक क्रिया होते. पांढरट किंवा राखाडी पावडर म्हणजे मुख्यतः शिशाचं सल्फेट. निळसर-हिरवी पावडर म्हणजे तांब्याचं सल्फेट; केबलचं तांबं किंवा क्लॅम्पचं पितळ खाल्लं जातंय याची ती खूण. त्यामुळे निळा-हिरवा रंग मी जास्त गंभीर धरतो. तो केबलच्या आवरणातून बाहेर येताना दिसला तर नुसतं क्लॅम्प घासून भागत नाही. क्लॅम्पपाशी केबल दोन बोटांत दाबून पाहा. ती फुगलेली, कडक किंवा दाबल्यावर करकरणारी लागली तर आतले तांब्याचे धागे गंजलेत, आणि ती केबल बदलायची.

पॉझिटिव्हवर क्षार आले तर जास्त चार्जिंग आणि निगेटिव्हवर आले तर कमी चार्जिंग, असा एक ठोकताळा गॅरेजमध्ये ऐकू येतो. इशारा म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही. चार्जिंग मीटरने मोजता येतं, रंगावरून ओळखायची गरज नाही. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. सतत १५ च्या वर असेल तर बॅटरी आत उकळतेय आणि क्षार पुन्हा पुन्हा येणारच. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे काही वेळ साडेबारा-तेरा दिसले तर लगेच घाबरू नये. वाहन थोडं चालवून पुन्हा पाहावं.

खरा दगा मात्र पावडर देत नाही. पावडर दिसते, म्हणून ती साफ तरी होते. दगा देतो तो क्लॅम्पच्या आतल्या बाजूला बसलेला पातळ, काळपट, मंद थर. बाहेरून टर्मिनल स्वच्छ दिसतं आणि आत स्पर्श फक्त दोन-चार ठिकाणीच होत असतो. दुसरा तसाच दगा सैलपणाचा. क्लॅम्प नुसत्या हाताने पिळून पाहा. किंचितही फिरला तर तो सैल आहे, बाकी काहीही म्हणा.

इतक्या बारीक थराने एवढा फरक कसा पडतो? सेल्फ मारताना छोट्या गाडीचा स्टार्टरही २०० ॲम्पिअरच्या आसपास करंट ओढतो. वाटेत ०.००५ ओहम, म्हणजे ओहमचा दोनशेवा भाग, इतका अडथळा असला तरी २०० गुणिले ०.००५, म्हणजे पूर्ण एक व्होल्ट तिथेच जातो. तो उष्णता बनून जातो, म्हणून चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर जो क्लॅम्प कोमट लागतो तोच बहुधा गुन्हेगार. हेडलाइटला आणि रेडिओला मात्र थोडेच ॲम्पिअर लागतात, त्यांना हा अडथळा जाणवतही नाही. लाइट लख्ख लागतात म्हणून बॅटरी आणि जोडण्या ठीक, असं म्हणणं म्हणूनच फसवं.

साफ कसं करायचं

इंजिन बंद, किल्ली बाहेर, सगळे दिवे बंद. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. बॅटरीची बाजू फुगलेली असेल, तडा गेला असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पुढे काहीच करू नका. तिला चार्ज करायचं नाही, जंप द्यायचा नाही. तिच्याबाबत निकाल लागलेला आहे.

आधी निगेटिव्ह क्लॅम्प सोडवायचा, नंतर पॉझिटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेली असेल, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह आधी काढलेली असली की पाना टेकला तरी काही होत नाही. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. क्लॅम्प अडकला तर नट पूर्ण सैल करून त्याची फट किंचित उघडा आणि डावी-उजवी हलवत वर काढा. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटू नका आणि हातोडी तर नकोच. खुंट आत हलला की त्याच्याभोवतीची सील सुटते आणि ॲसिड गळायला लागतो. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी डबी असेल तर तो करंट मोजणारा सेन्सर आहे, तिथे अधिकच हळू. बॅटरी सुटल्यावर काही गाड्यांचा रेडिओ कोड मागतो, हे आधीच पाहून ठेवा.

एक कप कोमट पाण्यात एक टेबलस्पून खाण्याचा सोडा विरघळवा. बॅटरीला पाणी घालायची झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना ते पाहा, कारण सोडा आत गेला तर आतला ॲसिड मारला जातो. जुन्या टूथब्रशने ते पाणी खुंटाला आणि क्लॅम्पला लावा. फेस येतो, म्हणजे ॲसिड निष्प्रभ होतोय. फेस यायचा थांबेपर्यंत लावत राहा, मग साध्या पाण्याने पुसून घ्या आणि पूर्ण कोरडं करा. आता तारेचा ब्रश किंवा बारीक पॉलिशपेपर घ्या. खुंटाची बाहेरची बाजू आणि क्लॅम्पची आतली बाजू, दोन्ही चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. शिसं मऊ असतं, जोर लावून खुंट बारीक करू नका. खरं काम क्लॅम्पच्या आतल्या गोलात असतं आणि नेमकं तेच घाईत राहून जातं.

जोडताना उलटा क्रम: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. क्लॅम्प खुंटावर खालपर्यंत बसवून आवळा. हाताने पिळल्यावर हलता कामा नये, पण नट तुटेपर्यंतही आवळू नका. शेवटी बाहेरून व्हॅसलिन किंवा टर्मिनल ग्रीसचा पातळ हात फिरवा. आधी ग्रीस आणि मग क्लॅम्प असा क्रम मला पसंत नाही. आधी धातूला धातू भिडू दे, मग त्यावर संरक्षण. साफ केल्यावर काही आठवड्यांतच क्षार पुन्हा आले तर चार्जिंग व्होल्टेज मोजा आणि खुंटाभोवती ओल आहे का पाहा.

व्होल्ट कुठे गळतात ते मोजणं

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पहिली मोजणी विसावलेल्या बॅटरीची. गाडी निदान चार-पाच तास, शक्यतो रात्रभर उभी राहिलेली असावी, कारण नुकत्याच चाललेल्या गाडीत बॅटरी वरवर जास्त व्होल्ट दाखवते. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. १२.४ च्या खाली असेल तर पुढची कोणतीही चाचणी करण्याआधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी आणि खराब झालेली बॅटरी सेल्फवर सारख्याच वागतात, आणि चार्ज न करता दिलेला निकाल म्हणजे अंदाज. चार्ज करूनही व्होल्टेज साडेदहाच्या आसपासच अडून राहिलं तर सहापैकी एक सेल मेलाय.

दुसरी मोजणी सेल्फ मारताना. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये. मीटरचं लाल टोक पॉझिटिव्ह खुंटाच्या माथ्यावर आणि काळं निगेटिव्ह खुंटाच्या माथ्यावर दाबून धरा. क्लॅम्पवर नाही, खुंटावर. दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा आणि सर्वांत कमी आकडा टिपा; मीटरला मिन-मॅक्स बटण असेल तर तो आपोआप पकडला जातो. निरोगी बॅटरी साध्या हवेत १० च्या वर राहते. ९.६ च्या खाली गेली आणि विसावलेली असताना ती पूर्ण चार्ज होती, तर दोष बॅटरीचा. कडाक्याच्या थंडीत, शून्य अंशाच्या आसपास, ही रेषा ९.१ पर्यंत खाली धरावी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मधे एखाद मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो.

तिसरी मोजणी फारसं कुणी करत नाही, आणि बॅटरीचे पैसे वाचतात ते हिच्यामुळे. लाल टोक पॉझिटिव्ह खुंटावर, काळं टोक त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर. दोन टोकं बोटभर अंतरावर, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो. आता सेल्फ मारा. जोडणी चांगली असेल तर आकडा ०.१ च्या खाली राहतो. ०.२ च्या वर गेला तर व्होल्ट तिथे गळताहेत. हेच निगेटिव्ह खुंट आणि निगेटिव्ह क्लॅम्प यांच्यात करा. मग निगेटिव्ह खुंट आणि इंजिनाचा स्वच्छ उघडा धातू यांच्यात करा, तिथे ०.३ पर्यंत चालतं, त्याहून जास्त असेल तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी पाहा. पॉझिटिव्ह बाजूला खुंटापासून थेट स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत हात पोहोचत असेल तर तिथेही मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वाटेत काहीतरी खराब आहे.

एक उदाहरण आकड्यांसह

समजा बॅटरीवर H1 आहे, म्हणजे ऑगस्ट २०२१, आणि आपण २०२४ च्या अखेरीस तपासतोय. वय सव्वातीन वर्षं. ना नवी ना म्हातारी. सकाळी सेल्फ जड, पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या कडेला हिरवट पावडर, निगेटिव्ह स्वच्छ.

रात्रभर उभी राहिल्यावर १२.५ व्होल्ट. सेल्फ मारताना खुंट ते खुंट १०.९. इथेच थांबणारा माणूस म्हणेल की बॅटरी उत्तम आहे, मग स्टार्टर खराब. पण पॉझिटिव्ह खुंट आणि क्लॅम्प यांच्यात सेल्फ मारताना १.३ व्होल्ट दिसतात. म्हणजे बॅटरी १०.९ देतेय आणि पहिल्याच जोडणीत १.३ गळून पुढे ९.६ निघताहेत. केबल आणि अर्थिंगमध्ये आणखी थोडे गेल्यावर स्टार्टरच्या हाती नऊ-सव्वानऊ.

क्लॅम्प काढून, सोड्याने धुऊन, आतून घासून परत बसवला. आता तीच मोजणी ०.०४ दाखवते. सेल्फ पहिल्यासारखा झटक्यात फिरतो. खुंट ते खुंट आकडा मात्र १०.९ वरून १०.४ वर आलाय, आणि इथे बरेच जण गोंधळतात: साफ केल्यावर बॅटरी कमी व्होल्ट दाखवते? हो, आणि तसंच व्हायला हवं. अडथळा होता तेव्हा स्टार्टरला कमी करंट मिळत होता, म्हणून बॅटरीवर ताणच कमी पडत होता. वाट मोकळी झाल्यावर स्टार्टर हवा तेवढा करंट ओढतो, बॅटरीवर खरा भार येतो आणि तिचा आकडा खाली येतो. घाण टर्मिनलमुळे खुंटावरचा आकडा खोटा चांगला दिसतो. म्हणून बॅटरीवरचा अंतिम निकाल टर्मिनल साफ केल्यानंतरच्या मोजणीवर द्यायचा, आधीच्या नाही. साफ केल्यावर तो आकडा १०.४ ऐवजी ९.२ वर आला असता, तर बॅटरीही गेलेली आहे हे तेव्हाच कळलं असतं.

बदलायची कधी, आणि नवी घेताना

पूर्ण चार्ज केली, टर्मिनल साफ आणि घट्ट आहेत, तरी सेल्फ मारताना खुंटावर ९.६ च्या खाली जाते, तर बदला. पूर्ण चार्ज करून, निगेटिव्ह काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती १२.४ च्या खाली आली, तरी बदला. ती आतल्या आत उतरतेय. निगेटिव्ह काढल्यावर टिकते पण जोडून ठेवल्यावर दोन रात्रींत उतरते, तर बॅटरी निर्दोष आणि गाडीत काहीतरी वीज खातंय. कुलूप लावून तासभर गेल्यावर गाडीने ५० मिलिॲम्पिअरहून फार जास्त ओढू नये. तो शोध इलेक्ट्रिशियनकडे सोपवावा. पाणी घालायच्या बॅटरीत आतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर चालतो. पूर्ण चार्जला १.२६५ च्या पुढे आकडा हवा, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर तोच खराब.

शंका उरली तर दुकानातल्या कंडक्टन्स टेस्टरवर तपासून घ्या. तो बॅटरीची तुलना तिच्यावर लिहिलेल्या कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअरशी, म्हणजे थंडीत सेल्फसाठी ती किती करंट देऊ शकते त्या आकड्याशी, करतो. दुकानदाराने त्यात बॅटरीवरचाच आकडा आणि बॅटरीचा बरोबर प्रकार भरला आहे ना, ते बघायचं. जास्त आकडा भरला की चांगली बॅटरीही नापास होते. आणि टेस्टरचे चिमटेही साफ खुंटावरच लावायला सांगा.

नवी घेताना तारखेचा कोड तिथेच, पैसे देण्याआधी वाचा. फळीवर पडून राहिलेली बॅटरीही हळूहळू उतरते, गरम हवेत आणखी जलद, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ताजी मागा, नाहीतर निदान समोर मीटर लावून १२.५ च्या वर आहे का पाहा. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला मूळ होती त्याच प्रकारची बॅटरी लागते, आणि काही गाड्यांत ती बदलल्याची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. ती सोय दुकानात आहे का ते आधीच विचारा. बसवल्यावर क्लॅम्प हाताने पिळून बघा, आणि बिलावर विक्रीच्या तारखेबरोबर बॅटरीचा कोडही लिहून घ्या.